फोन म्हणतो सव्वा तास, अ‍ॅप म्हणतं पाऊण

कॉलेजातली मुलं असलेल्या घरांत हा वाद हल्ली वरचेवर रंगतो. आई मुलाचा फोन हातात घेते, सेटिंग्जमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडते आणि विचारते, "काय रे, आज अडीच तास इन्स्टाग्राम?" मुलगा फोन परत घेतो, इन्स्टाग्राममध्येच असलेला वेळेचा आलेख उघडून तिच्यापुढे धरतो. "अगं आई, नीट बघ ना. एक तास लिहिलंय." फोन तोच, अ‍ॅप तेच, माणूसही तोच. फोन खोटं बोलत नाही आणि अ‍ॅपही नाही. मग मधला दीड तास गेला कुठे?

बऱ्याचदा तो कुठेच गेलेला नसतो. आई आजचा आकडा वाचत असते आणि मुलगा आठवड्याची सरासरी. फेसबुक आणि इन्स्टाग्रामने वेळ दाखवायची ही सोय १ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर केली. तेव्हा इन्स्टाग्रामच्या पानावर सगळ्यांत ठळक आकडा होता तो असा: गेल्या आठवड्यात या उपकरणावर हे अ‍ॅप तुम्ही रोज सरासरी किती वेळ वापरलं. अँड्रॉइड फोनचं डिजिटल वेलबीइंग मात्र उघडल्याबरोबर आजचं चक्र दाखवतं. कष्ट करून खाली वाचत जाणारे थोडे. बाकीचे ठळक आकडा बघतात आणि भांडायला बसतात.

या मुलाचा आठवडा मिनिटांत मांडून बघू. समजा सोमवारी ६०, मंगळवारी ४५, बुधवार-गुरुवारी परीक्षा म्हणून शून्य, शुक्रवारी ७५, शनिवारी ९० आणि आज रविवारी १५०. बेरीज ४२०. सात दिवसांनी भागलं की रोजचा एक तास. म्हणजे "एक तास" आणि "अडीच तास" हे दोन्ही आकडे एकाच वहीतून आले आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. आता परीक्षेचे दोन कोरे दिवस वगळून पाचने भागा. सरासरी एकदम ८४ मिनिटांवर जाते. एक मिनिटही जास्त वापर झालेला नाही, फक्त छेद बदलला.

छेद बदलल्याने काय होतं हे फेसबुकनेच एकदा जगाला दाखवून दिलं आहे. जाहिरातदारांना दिल्या जाणाऱ्या आकड्यांत 'एक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो' असा एक आकडा असे. बेरजेत सगळ्यांनी पाहिलेला वेळ धरला होता, पण भागताना तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ पाहणारे प्रेक्षक छेदातून वगळले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये ही गोष्ट उघड झाली, तेव्हा सरासरी ६० ते ८० टक्के फुगलेली असल्याचं जाहिरात संस्थांना सांगण्यात आलं होतं. त्याआधी दोन वर्षं तो आकडा तसाच वापरला जात होता. तिथे लाखो रुपये पणाला लावणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, तर घरातल्या भांडणात कुणाच्या येणार?

दिवस कधी संपतो हाही प्रश्न आहेच. फोनचा दिवस तुमच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री संपतो. कंपन्यांची यंत्रं बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि त्या घड्याळाचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उलटतो. अ‍ॅपने तो फरक नीट वळता केला नाही, तर रात्री साडेबारा वाजता पाहिलेले रील कालच्या खात्यावर पडतात. मुंबईहून न्यू जर्सीला गेलेल्या माणसाचा एक दिवस साडेनऊ किंवा साडेदहा तासांनी लांबतो. त्या एका दिवसाचा आकडा कुठल्याच अहवालात धड दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

हे सगळं वजा केलं, एकाच दिवसाचा आकडा एकाच दिवसाच्या आकड्याशी लावला, तरी फरक उरतो. खरी गंमत तिथून सुरू होते.

आधी फोन काय मोजतो ते पाहू. अँड्रॉइडमध्ये २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून वापराची नोंद ठेवणारी एक व्यवस्था आहे. डिजिटल वेलबीइंग २०१८ च्या मे महिन्यात गूगलच्या परिषदेत दाखवण्यात आलं, पण ज्या प्रकारच्या नोंदींवर ते उभं आहे त्या त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिल्या जात होत्या. फोन संगणकाला जोडून, डेव्हलपरांसाठीचे पर्याय चालू करून, पुढची आज्ञा दिली तर ती वही कुणालाही वाचता येते:

```
adb shell dumpsys usagestats
```

त्यातून शेकडो ओळी बाहेर पडतात. बाकीचा तपशील गाळला तर त्यांचा नमुना साधारण असा:

```
time="2025-01-15 20:30:04" type=ACTIVITY_RESUMED package=com.instagram.android
time="2025-01-15 21:00:11" type=ACTIVITY_PAUSED package=com.instagram.android
```

पहिल्या ओळीचा अर्थ असा की रात्री साडेआठ वाजून चार सेकंदांनी इन्स्टाग्रामचं एक पान पडद्यावर सगळ्यांत पुढे आलं. दुसरीचा अर्थ, नऊ वाजून अकरा सेकंदांनी ते मागे गेलं. अ‍ॅप बदललं, होम बटण दाबलं, पडदा मालवला, काहीही झालं तरी मागे जाण्याची ओळ पडते. दोन वेळांची वजाबाकी करायची आणि अशा सगळ्या वजाबाक्यांची बेरीज करायची, एवढाच फोनचा हिशेब. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन वहीत गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहितो, पण पाहुणा कुणाच्या घरी गेला, तिथे जेवला की नुसताच पार्किंगमध्ये बसून राहिला, हे त्याला ठाऊक नसतं. फोनचं तसंच आहे.

म्हणून फोनच्या आकड्याचा अर्थ नेमका लावायला हवा. 'इन्स्टाग्राम अडीच तास' याचा अर्थ, जळत्या पडद्यावर सगळ्यांत पुढे इन्स्टाग्राम होतं असा अडीच तासांचा काळ. त्यावर कुणाची नजर होती का, हा प्रश्न फोनने स्वतःला विचारलेलाच नाही.

अ‍ॅपलाही कच्चा माल हाच मिळतो. पान पुढे आलं की अँड्रॉइड अ‍ॅपला तसं कळवतो आणि मागे गेलं की तेही कळवतो. पण अ‍ॅप स्वतःचं घड्याळ स्वतःच चालवतं, आणि ते चालवायला आधी अ‍ॅप जागं व्हावं लागतं. जुन्या, भरलेल्या फोनवर अ‍ॅपवर बोट ठेवल्यापासून नुसतं चिन्ह झळकत राहतं, आतलं काही दिसत नाही. हे एक-दोन सेकंद फोनच्या वहीत जमा होऊ शकतात, पण अ‍ॅपचं घड्याळ तोवर सुरूच झालेलं नसतं. दिवसातून साठ वेळा डोकावणाऱ्या माणसाच्या बाबतीत एवढ्यानेच मिनिट-दोन मिनिटं इकडची तिकडे होतात.

शेवटाकडे याहून मोठी अडचण आहे. अ‍ॅप मध्येच कोसळलं किंवा फोनची बॅटरी संपली तर 'मी आता मागे चाललो' हे लिहायला अ‍ॅप शिल्लकच नसतं. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅप लिहिणारे लोक मध्येमध्ये ठोका पाडतात: दर काही सेकंदांनी 'अजून इथेच आहे' अशी नोंद ठेवायची आणि शेवटचा ठोका हाच शेवट धरायचा. मग शेवटचा ठोका आणि खरा शेवट यांच्यातला तुकडा गळतो. फोनची वही मात्र अ‍ॅपच्या बाहेर, फोनच्या यंत्रणेत असते. अ‍ॅप मेलं तरी ती लिहिणारा जिवंत असतो.

पण हे सगळे सेकंदांचे फरक झाले. मोठा फरक पडतो तो 'वापर' कशाला म्हणायचं यावरून, आणि ते ठरवण्याची मुभा अ‍ॅपला आहे, फोनला नाही. एका संध्याकाळचा हिशेब मिनिटाबरहुकूम मांडला की हे स्पष्ट होईल.

समजा कोल्हापूरची एक मुलगी रात्री साडेआठला रीलचं एखादं अ‍ॅप उघडते. आठ चोपन्नपर्यंत, म्हणजे २४ मिनिटं, ती रील पाहते. मग कुर्तीची जाहिरात येते. ती लिंक दाबते, दुकानाचं पान अ‍ॅपच्या आतच उघडतं आणि ६ मिनिटं तिची खरेदी चालते. नऊ वाजता पैसे भरायला ती यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाते, २ मिनिटांत परत येते. नऊ दोन ते नऊ बारा पुन्हा रील, पण त्यातली ४ मिनिटं ती वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढून मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपला तिथल्या तिथे उत्तरं देत असते. नऊ बाराला आई जेवायला हाक मारते. मुलगी फोन तसाच टेबलावर ठेवून जाते. रील पुन्हा पुन्हा स्वतःशीच चालत राहतो, आणि व्हिडिओ चालू असेपर्यंत पडदा मालवू नकोस असं अ‍ॅपने फोनला सांगून ठेवलेलं असल्याने पडदाही जळत राहतो. अशी २० मिनिटं जातात. नऊ बत्तीसला हात धुऊन ती परत येते आणि आणखी १५ मिनिटं पाहून नऊ सत्तेचाळीसला फोन बंद करते. दहा वाजता लॅपटॉप उघडते आणि त्याच खात्यावर ब्राउझरमधून २५ मिनिटं घालवते.

आता फोनची बेरीज. पहिली २४ मिनिटं धरली. दुकानाचं पान अ‍ॅपच्या आतच उघडलं, म्हणजे पुढे असलेलं अ‍ॅप तेच, म्हणून ६ धरली. यूपीआयची २ यूपीआयच्या खात्यावर गेली. पुढची १० पूर्ण धरली, कारण अँड्रॉइडमध्ये नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढल्याने मागचं अ‍ॅप मागे गेलं असं धरलं जात नाही. मावशीशी झालेलं बोलणं रीलच्या नावावर चढलं. जेवणाची २० धरली. शेवटची १५ धरली. एकूण ७५, म्हणजे सव्वा तास.

अ‍ॅपने सैल हात ठेवला तर त्याचाही आकडा ७५ च्या आसपासच येईल. पण त्याने कडक व्हायचं ठरवलं तर बरंच काही वगळता येतं. दुकानाचं पान हे आमचं पान नाही, म्हणून ६ वजा. पट्टी ओढली की अ‍ॅपची खिडकी नजरेआड झाल्याचा निरोप अँड्रॉइड अ‍ॅपला देतो, म्हणून ती ४ वजा. तोच रील किती वेळा फिरला आणि बोट शेवटचं कधी लागलं हे अ‍ॅपला माहीतच असतं, म्हणून जेवणाची २० वजा. उरली २४, ६ आणि १५. एकूण ४५, म्हणजे पाऊण तास. एकाच संध्याकाळचे हे दोन प्रामाणिक आकडे, आणि त्यांच्यात अर्ध्या तासाचा फरक. प्रत्यक्षातलं अ‍ॅप या दोन टोकांच्या मध्ये कुठेही बसू शकतं, आणि वापरणाऱ्यापुढे सगळी कलमं मांडायला ते बांधील नसतं.

खरा वेळ किती होता? त्या मुलीने खरोखर रीलच्या अ‍ॅपवर घालवलेला वेळ काढायचा तर पहिली २४, खरेदीची ६, पट्टीबाहेरची ६, शेवटची १५ आणि लॅपटॉपची २५ धरावी लागतील. बेरीज येते ७६. फोनचा ७५ हा आकडा जवळजवळ तंतोतंत जुळतो, पण निव्वळ योगायोगाने. जेवणाची आणि मावशीची मिळून २४ मिनिटं त्याने उगाच धरली आणि लॅपटॉपची २५ त्याला दिसलीच नाहीत. चुकीच्या दोन रकमा एकमेकींना खाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला नाही तर हाच आकडा तेवढाच जुळेल याची काहीही खात्री नाही.

लिंकबद्दल एक जोडतो, कारण इथे पुष्कळ लोक फसतात. काही अ‍ॅप लिंक स्वतःच्याच खिडकीत उघडतात, काही ती क्रोमच्या हवाली करतात. क्रोमच्या हवाली केलेलं पान दिसायला अ‍ॅपच्या आतच असल्यासारखं दिसतं, वर बंद करायची फुलीही असते, पण फोनच्या वहीत ती मिनिटं क्रोमच्या नावावर जातात. एखाद्याच्या क्रोमचा वेळ अचानक वाढलेला दिसला तर तो बातम्या वाचायला लागला असं समजू नका. तसंच इन्स्टाग्राम अ‍ॅप काढून टाकून तेच क्रोममध्ये उघडणाऱ्या मुलांचा फोनमधला इन्स्टाग्रामचा आकडा साहजिकच शून्य दिसतो. ही युक्ती मुलांना आपल्याआधी ठाऊक असते.

आता उलट बाजू. अ‍ॅपचा आकडा फोनपेक्षा मोठा निघतो असंही होतं, आणि त्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण यूट्यूब. ऑगस्ट २०१८ मध्येच यूट्यूबनेही 'टाइम वॉच्ड' नावाचं पान आणलं. आज, काल, गेले सात दिवस आणि रोजची सरासरी असं सगळं त्यावर मांडलेलं. पण यूट्यूब इथे पडदा किंवा फोन मोजत नाही. ते मोजतं खातं. त्या खात्याच्या वॉच हिस्ट्रीत जे जे व्हिडिओ आहेत, त्यांचा पाहिलेला वेळ. मग ते फोनवर पाहिले, लॅपटॉपवर पाहिले की बैठकीतल्या टीव्हीवर, सगळं एकाच खात्यात जमा. यूट्यूब म्युझिक तेवढं बाहेर.

आपल्याकडच्या घरांत याचा परिणाम फार मजेशीर होतो. टीव्ही आणला त्या दिवशी बाबांचं गूगल खातं त्यात टाकलं, ते कायमचं तिथेच राहिलं. सकाळी आजी त्यावर काकड आरती आणि कीर्तन लावतात. दुपारी धाकटी कार्टून बघते. संध्याकाळी कुणीतरी स्वयंपाकाचे व्हिडिओ लावून ठेवतं. रात्री बाबा फोनवर यूट्यूब उघडतात तर पानावर रोजची सरासरी साडेपाच तास! त्यांच्या फोनच्या अहवालात यूट्यूब असतं चाळीस मिनिटं. इथे यूट्यूबचा आकडा घराचा आहे आणि फोनचा आकडा बाबांचा.

याच खात्यात छिद्रंही आहेत. हिस्ट्री बंद ठेवली, एखादा व्हिडिओ हिस्ट्रीतून पुसला किंवा इन्कॉग्निटो पद्धतीने पाहिला, तर तो वेळ यूट्यूबच्या या पानावर येत नाही. फोनला हिस्ट्रीशी काही देणंघेणं नाही, यूट्यूब पुढे होतं एवढं त्याला पुरतं. मुलाचा यूट्यूबचा आकडा फोनच्या आकड्यापेक्षा बराच कमी दिसत असेल, तर व्हिडिओ शोधण्यात आणि यादी वर-खाली सरकवण्यात गेलेला वेळ हे त्याचं एक कारण असू शकतं, कारण यूट्यूब पाहिलेला व्हिडिओ मोजतं आणि फोन उघडं असलेलं अ‍ॅप. पुसलेली हिस्ट्री हे दुसरं. कोणतं ते विचारायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरावर सोडतो.

यूट्यूबची पैसे भरून घेतलेली प्रीमियम सेवा असेल तर पडदा मालवल्यावरही आवाज चालू राहतो. तासाभराचं कीर्तन खिशातल्या फोनवर ऐकलं तर यूट्यूबच्या लेखी तुम्ही एक तास पाहिलं आणि फोनच्या लेखी त्या तासात पडद्यावर काहीच नव्हतं. फेसबुक मेसेंजरच्या तरंगत्या गोल चेहऱ्यांची गोष्टही अशीच. ते चेहरे आले तेव्हा ते दुसऱ्या अ‍ॅपवर वरून चिकटवलेला थर होते. त्यामुळे गप्पा मेसेंजरमध्ये चालत आणि वेळ खाली जे काही उघडं असेल त्याच्या नावावर पडे.

आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. अ‍ॅपलचा स्क्रीन टाइम सप्टेंबर २०१८ मध्ये आयओएस १२ बरोबर आला. त्यात उपकरणांचा हिशेब एकत्र करायचा एक पर्याय आहे. तो चालू असला की त्याच अ‍ॅपल खात्यावरचे आयफोन, आयपॅड आणि मॅक यांची बेरीज दिसते. पुष्कळ घरांत नवा आयपॅड घेतला की आईच्याच अ‍ॅपल खात्यावर चालू करून मुलाच्या हातात दिला जातो. मग आईच्या फोनवर दर आठवड्याला येणारा अहवाल तिला सांगतो की तुम्ही रोज दोन तास गेम खेळता. इथे फोनचा आकडा मोठा आणि अ‍ॅपचा लहान, कारण अ‍ॅपने त्या एका उपकरणापुरतं बोलायचं ठरवलेलं असतं. असा अहवाल आला तर आधी कोणत्या उपकरणाचा आकडा बघतो आहोत ते निवडा. स्क्रीन टाइममध्ये उपकरणांची नावं वेगवेगळी दिसतात.

या फरकाला महत्त्व येतं ते मर्यादा लावताना. समजा तुम्ही इन्स्टाग्रामच्या आतही एक तासाची आठवण लावली आणि डिजिटल वेलबीइंगमध्येही एक तासाचा टायमर लावला. दोन्ही आपापल्या घड्याळाने चालणार. वरच्या कोल्हापूरच्या उदाहरणात फोनचा तास जेवणानंतर हात धुऊन आल्यावर लगेच भरला असता आणि अ‍ॅपचा, कडक हिशेब धरला तर, त्या रात्री भरलाच नसता. शिवाय दोघांच्या हातातली ताकद सारखी नाही. वेलबीइंगचा टायमर संपला की अ‍ॅपचं चिन्ह करडं पडतं आणि मध्यरात्रीपर्यंत ते उघडत नाही, उघडायचं तर सेटिंग्जमध्ये जाऊन टायमर मुद्दाम काढावा लागतो. अ‍ॅपची आठवण ही नुसती सूचना आहे. 'ठीक आहे' म्हटलं की पुढचा रील हजर.

त्यात अ‍ॅप हा या व्यवहारातला पक्षकार आहे. फेसबुकच्या मालकांनी एप्रिल २०१६ मध्ये गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगितलं होतं की लोक फेसबुक, इन्स्टाग्राम आणि मेसेंजरवर मिळून रोज सरासरी ५० मिनिटांहून अधिक वेळ घालवतात. तुमचा वेळ हीच ज्यांची कमाई, त्यांच्याच हातात तुमच्या वेळेची पट्टी. २०२२ च्या सुरुवातीला इन्स्टाग्रामच्या रोजच्या मर्यादेतून १० आणि १५ मिनिटांचे पर्याय नाहीसे झाले आणि सगळ्यांत लहान पर्याय ३० मिनिटांचा उरला. आकड्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण पट्टीवरच्या खुणा कुणी आखल्या आहेत, हे लक्षात ठेवायला हवं.

आपल्या फोनवरचं अ‍ॅप सैल हिशेब ठेवतं की कडक, हे घरच्या घरी तपासता येतं. शांत वेळ निवडा. फोनमध्ये आणि अ‍ॅपमध्ये आजचा आकडा किती आहे तो कागदावर लिहा. अ‍ॅपमध्ये सरासरी बघू नका, आलेखातल्या आजच्या पट्टीवर बोट ठेवा. सरासरीत तुमची दहा मिनिटं सातने भागली जातात आणि जेमतेम दीड मिनिटाची वाढ दिसते, वर सात दिवसांपूर्वीचा एखादा जड दिवस गळाला असेल तर आकडा चक्क खाली येतो. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दहा मिनिटं नेहमीसारखं अ‍ॅप वापरा आणि दोन्ही आकडे पुन्हा लिहा. ते साधारण दहा-दहाने वाढायला हवेत. त्यानंतर एक रील चालू ठेवून फोनला दहा मिनिटं हात लावू नका. फोनचा आकडा दहाने वाढेल. अ‍ॅपचाही वाढला तर ते बेवारस पडदाही मोजतं, वाढला नाही तर मोजत नाही. हाच प्रयोग जाहिरातीच्या लिंकवर करा. अर्ध्या तासात तुमच्या अ‍ॅपची बरीचशी कलमं तुम्हाला कळलेली असतील. आकडे लगेच हलले नाहीत तर थोडं थांबा, काही अ‍ॅप वेळ ताबडतोब दाखवत नाहीत.

घरात मर्यादा ठरवायची असेल तर फोनचा आकडा धरा, सलग सात दिवसांच्या रोजच्या नोंदी घ्या आणि रिकामे दिवसही छेदात ठेवा. टीव्हीवर यूट्यूब चालत असेल तर त्यापुरता यूट्यूबच्या खात्यावर विश्वास ठेवा, पण आधी टीव्हीत कुणाचं खातं आहे ते बघा. आणि लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये गेलेली मिनिटं फोनच्या वहीतही नाहीत आणि इन्स्टाग्रामसारख्या, त्या एका उपकरणापुरतं मोजणाऱ्या अ‍ॅपच्या वहीतही नाहीत. ती तुम्हालाच मिळवावी लागतील.